मावशीचं कार्ड

नागपूरच्या धंतोलीतल्या शामलाबाईंना पोटचं मूल नव्हतं, पण एका वर्षात त्यांना गावोगावच्या भाच्या झाल्या. ही सगळी किमया शेजारच्या कृष्णकांतची. त्याचं बोलणं असं, की ऐकणाऱ्यानं आपलं डोकं बाजूला काढून ठेवावं. शामलाबाईंनी ते ठेवलंच.

यजमान मधुकरराव गेल्यावर बाईंनी मागच्या दोन खोल्या आणि माडीवरची एक अशा तीन खोल्या भाड्यानं द्यायला काढल्या. फाटकाला पाटी लावली, 'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय'. आले कोण? औषधाच्या कंपन्यांचे एजंट. भिंतीवर तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या, उशीला तेलाचे डाग आणि वर पोळी जाड झाली म्हणून कुरकुर. बाई रडकुंडीला आल्या होत्या.

कृष्णकांत मुंबईत जाहिरातीच्या कंपनीत दहा वर्षं काढून, वडिलांना लकवा झाला म्हणून परत आला होता. सीताबर्डीत कापडाच्या दुकानावर एक खोली घेऊन त्यानं स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. नागपुरात तेव्हा जाहिरात म्हणजे भिंत रंगवणं आणि रिक्षावर भोंगा लावणं. त्यामुळे त्याच्याकडे काम थोडं आणि वेळ बक्कळ. एका संध्याकाळी चहा पिता पिता तो पाटीकडे बघून म्हणाला, "काकू, उत्तम सोय कुठं नाही? बर्डीवर प्रत्येक लॉजच्या पाटीवर तेच लिहिलंय. तुम्ही कोणासाठी आहात?"

"येईल त्याच्यासाठी," बाई म्हणाल्या.

"म्हणजे कोणासाठीच नाही. मला सांगा, या शहरात खोली कोणाला मिळत नाही?"

त्यानंच सांगितलं. एकट्या बाईला. पेपर तपासायला येणारी मास्तरीण, मुलाखतीला आलेली मुलगी, दवाखान्यात कोणाला ठेवून रात्री पाठ टेकायला जागा शोधणारी. लॉजचा मॅनेजर आधी तिच्या मागं बघतो, सोबत कोण आहे म्हणून, आणि मग खोली शिल्लक नाही म्हणतो. "तिच्यासाठी घर काढा. फक्त तिच्यासाठी. बाकी सगळ्यांना नाही म्हणा."

नाव त्यानंच दिलं. मावशीकडे. म्हणाला, "घरातून निघताना तिला विचारणार, नागपुरात कुठं उतरशील? ती म्हणेल, मावशीकडे. पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही."

"पण हे खोटं नाही का होत रे?"

"खोटं कसं? मावशी होऊन दाखवायचं ना. मात्र एकदा मावशी म्हटलं, की दारापासून ताटापर्यंत आणि फोटोपासून पत्रापर्यंत सगळ्यांनी तेच बोललं पाहिजे. एक जरी वस्तू वेगळं बोलली, तर बाकीचं नाटक वाटतं."

आता हे शहाणपण खोटं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. त्यात खोट असती तर पुढचं काही घडलंच नसतं.

फोटोवाला आला तो बंगला पूर्ण दिसावा म्हणून रस्त्यापलीकडे तिवई मांडून बसला. बाईही पैठणी नेसून तयार. कृष्णकांतनं दोघांनाही दटावलं. रोजचं सुती पातळ नेसायला लावलं, उन्हं तिरपी व्हायची वाट पाहिली आणि व्हरांड्यात एवढंच टिपून घेतलं, की बाई एका मुलीच्या हातातली पिशवी घेताहेत. मुलीची फक्त पाठ. "पाहणारीला वाटायला पाहिजे की ही पाठ माझीच," तो म्हणाला. मग खोल्या. लॉजसारख्या पांढऱ्या चादरी काढून जुन्या लुगड्यांच्या गोधड्या आल्या. 'भाडे आगाऊ द्यावे'ची पाटी उतरली, कारण मावशीच्या घरी पाट्या नसतात. आरशापाशी फणी, तेलाची बाटली, चापपिना, सुईदोरा. बाईंनी कौतुकानं कुंकवाची डबीही ठेवली होती, ती त्यानं उचलली. "विधवा आली तर? मावशीनं तिला पहिल्याच पावली हिणवायचं?" आणि दाराला आतून जाड लोखंडी कडी. खर्च सगळ्यांत जास्त त्या कडीवर झाला, आणि बायकांना सगळ्यांत आवडली तीच.

राहिली पत्रं. ती तीन. पहिलं, खोली मागितल्याचं उत्तर, 'पांघरूण आणू नकोस, स्टेशनवरून निघालीस की सरळ ये.' दुसरी चिठ्ठी निघताना शिदोरीच्या पुडक्यात, दशम्यांसोबत. आणि तिसरं कार्ड, उतरलेली बाई परत गेल्यावर आठवड्याभरात तिच्या घरी. 'पोचलीस का? तुझी खोली तशीच ठेवली आहे. पुन्हा कधी येतेस? तुझी मावशी.' मजकूर कृष्णकांतचा, अक्षर शामलाबाईंचं. छापलेलं अजिबात नाही, कारण छापलं की भाव मेला. फक्त कोपऱ्यात शिक्का, 'मावशीकडे, धंतोली, नागपूर'.

"पाकिटात घालते ना," बाई म्हणाल्या होत्या. "उघडं कार्ड पोस्टमनही वाचतो."

"वाचू द्या की. पोस्टमन वाचेल, शेजारीण वाचेल, सासू वाचेल. एका कार्डात चार घरं. आपली जाहिरात तीच आहे, काकू. आणि एकीलाही सोडायचं नाही."

धंदा असा चालला, की बाईंना नाही म्हणावं लागू लागलं. पण खरी गंमत वेगळीच झाली. बाई मावशीपण करता करता खरंच मावशी झाल्या. कोणी आजारी पडली तर रात्रभर उशाशी बसायच्या. लोकांना वाटे, काय ही माया! आणि माया होतीच, ते कोणी नाकारू नये. आपण ठरवून सुरू केलेली गोष्ट खरी झाली, याचा बाईंना अभिमानही होता. घात त्या अभिमानानंच केला.

पुष्पलता आली ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीतली, विशीबाविशीची, काटकुळी. कोणा मैत्रिणीकडून तिनं या घराचं नाव ऐकलं होतं. वर्ध्याकडच्या एका संस्थेत बालवाडीच्या मास्तरणी तयार करत, राहायची सोय तिथंच, शिकून झाल्यावर नोकरी. त्याची मुलाखत नागपुरात होती. पहिल्या रात्री ती जेवली आणि खोलीची कडी लावून झोपली ती सकाळी उन्हं वर येईस्तोवर. उठल्यावर ओशाळून म्हणाली, "मावशी, आतून कडी असली की कशी झोप लागते वं."

दुसऱ्या दिवशी मुलाखत देऊन आल्यावर तिनं स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं. नवरा देवराव केंद्रात कामाला. लग्नात कबूल केलेली स्कूटर भावानं दिली नाही, म्हणून मार. सासू उपाशी ठेवायची. तिच्या लुगड्याचा पदर सरकला तेव्हा बाईंना दंडावरचे वळ दिसले. भावाकडे तुमसरला जाते असं सांगून ती निघाली होती. भाऊ मेला तरी ठेवून घेणार नाही, पण सासरच्यांनी विचारलंच तर 'आली होती' म्हणेल, एवढी तिची खात्री होती.

"निवड झाली तर कागद इथंच येईल," ती म्हणाली. "मी तुमचाच पत्ता देल्ला. पंधरा-वीस दिवसांनी मी पुन्हा काहीतरी निमित्त काढून येतो. कागद आला असला तर इथूनच वर्ध्याले जातो. घरी परततच नाही."

"जा बाई, खुशाल जा," शामलाबाई म्हणाल्या.

निघताना तिनं शिदोरी घेतली, बाईंच्या पाया पडली, आणि फाटकातून परत आली. "मावशी, ते कार्ड असते म्हणे तुमचं. मले नका पाठवू. मी इथं होती हे घरी समजलं तर माह्यं काही खरं नाही."

"नाही पाठवत," बाई म्हणाल्या. रजिस्टरमध्ये तिचा खरा पत्ता होता, कारण पोलीस तपासायला येत आणि खोटा लिहून घेता येत नसे.

आठवडा झाला तेव्हा कृष्णकांत नेहमीप्रमाणे कार्डं टाकायला घेऊन जायला आला. रजिस्टर आणि गठ्ठा ताडून म्हणाला, "खापरखेड्याचं नाही यात."

"तिनं नको म्हटलंय," बाई म्हणाल्या आणि थोडंफार सांगितलं. सगळं नाही सांगितलं. पोरीची लाज आपण का उघडी करावी, म्हणून वळांचं गाळलं. नेमकं तेच गाळलं.

कृष्णकांत हसला. "काकू, नवरा-बायकोत कुरबुर कुठं नसते? अहो, त्या वसाहतीत शेकडो घरं आहेत. सगळ्यांच्या बायका दवाखान्याला, परीक्षेला नागपूरलाच येतात. तिथं आपलं एकही कार्ड गेलेलं नाही. आणि पुढच्या महिन्यात मुंबईचं साप्ताहिक आपल्यावर लिहिणार आहे. त्यांच्या बातमीदार बाई विचारणार, प्रत्येकीला कार्ड जातं? तुम्ही काय सांगाल, कधी जातं, कधी नाही?"

"पण मी शब्द दिला रे."

"मग मुलाखतीचं नका लिहू. मावशीनं भाचीला पोचलीस का विचारलं, यात पाप काय? उलट सासरच्यांना कळेल, पोरीला मागे कोणीतरी आहे. जरा वचकतील."

हे शेवटचं वाक्य बाईंना पटलं. खरं तर त्यांना पटवून घ्यायचंच होतं. आठवडाभर पोरीची आठवण येत होती, आणि आपलं कार्ड बघून कोणी वचकेल, एवढं आपलं वजन आहे, हे कोणाला आवडत नाही? मोह वाईट, बाप्पा. बाईंनी चष्मा लावला आणि लिहिलं. 'पोचलीस का? तुझी खोली तशीच ठेवली आहे.' सवयीनं सगळं तेच आणि तसंच.

देवराव आला तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी भर दुपारी. इस्त्रीचा शर्ट, केस चापूनचोपून बसवलेले. त्यानं वहाणा बाहेर काढल्या, नमस्कार केला, आणि खिशातून कार्ड काढून मांडीवर ठेवलं. बाईंची पाचावर धारण बसली.

"माह्या बायकोले मावशी नाही," तो शांतपणे म्हणाला. "तिच्या मायले बहीणच नव्हती. मंग हे कोणी लिहिलं?"

"मी लिहिलं. हे माझं घर. बायका उतरतात इथं."

"तुझी खोली ठेवली आहे म्हणता. काहून ठेवली? कोणासाठी? कोण येते तिले भेटायले?"

ज्या ओळीवर पन्नास बायका भाळल्या होत्या, ती या माणसाच्या तोंडी गेली आणि घाण झाली. त्यांनी घाईघाईनं, जीव तोडून सांगितलं, की अहो, तसं काही नाही, इथं परक्या पुरुषाला खोल्यांकडं फिरकू देत नाही, ती पोर एकटीच होती, मुलाखतीला आली होती, दोन रात्री राहिली आणि गेली. त्यांना वाटलं, खरं सांगितलं की संशय फिटेल.

"मुलाखत," देवराव म्हणाला. त्याला ते ठाऊक नव्हतं. "म्हणजे तुमसरले गेलीच नव्हती." मग त्यानं पाणी मागितलं, भांडं रिकामं करून उपडं ठेवलं, आणि बाईंचे आभार मानून निघून गेला.

बाई संध्याकाळपर्यंत तिथंच बसून होत्या. आपण काय करून बसलो हे त्यांना कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि उठणं वेगळं. उद्या जाऊ, परवा जाऊ, आपण गेलो तर आगीत तेल पडेल, असं करता करता दिवस गेले. पुष्पलता काही आली नाही. आलं ते संस्थेचं पाकीट. निवड झाली होती, पंधरवड्यात हजर व्हायचं होतं.

ते पाकीट टपालात टाकायची बाईंची छाती नव्हती. पिशवीत घालून त्या खापरखेड्याला निघाल्या. बस बर्डीवरूनच मिळायची, म्हणून वाटेत कृष्णकांतच्या ऑफिसात शिरल्या. त्याच्या टेबलावर साप्ताहिकाचं आलेलं पत्र होतं, आणि व्हरांड्यातला तो फोटो, मोठा करून आणलेला.

"काकू, जाऊ नका," सगळं ऐकून तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, हे खरं. तो काही राक्षस नव्हता. "तिथं काही भांडणतंटा झाला, पोलिसात गेलं, आणि आपलं नाव त्यात आलं, तर एक बाई इथं पाय ठेवणार नाही. घरचे लोक पाठवणारच नाहीत. ज्या घरामुळं एकीचा संसार मोडला, तिथं दुसरी कशी येईल? या सगळ्यांना मग लॉजच्या दारात उभं राहावं लागेल. त्यांचा तरी विचार करा."

"तू म्हणालास, वचकतील," बाई म्हणाल्या. आणि त्या बससाठी जिना उतरल्या.

वसाहतीत क्वार्टरला कुलूप होतं. शेजारच्या तुळसाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी बाईंना नीट न्याहाळलं आणि सूप खाली ठेवलं.

"स्टो भडकला म्हणतात," त्या म्हणाल्या. "परवा. नागपूरले नेलं, मोठ्या दवाखान्यात. आम्ही काही पाहिलं नाही बाई." मग सूप पुन्हा हातात घेत, खालच्या आवाजात, "कार्ड आलं होतं कोणाचं तरी. सासूनं ते गल्लीत सगळ्याईले दाखवलं. तेव्हापासून पोरीले घराबाहेर येऊच देल्लं नाही."

तो दवाखाना शामलाबाईंच्या घरापासून रिक्षानं जेमतेम दहा मिनिटांवर. पोरगी तिथं पडून होती आणि बाई घरात बसून जाऊ की नको करत होत्या. परतीच्या बसमध्ये त्यांना रडू आलं नाही. नुसतं स्वतःला थोबाडावंसं वाटलं.

जळालेल्यांच्या वॉर्डात मच्छरदाण्या लावल्या होत्या. दारापाशी देवराव आणि त्याची आई उभी होती. आत डॉक्टर आणि जबाब घ्यायला आलेले नायब तहसीलदार, हातात कागद लावलेली फळी. बाई आत गेल्या आणि जाळीतून त्यांनी पाहिलं. ओळखू येत होते ते फक्त डोळे.

त्या डोळ्यांनी बाईंना ओळखलं. "मावशी आली," पुष्पलता म्हणाली. आवाज फार बारीक होता, पण त्यात सुटका होती, अगदी स्पष्ट. मग म्हणाली, "कार्ड मिळालं, मावशी." त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तहसीलदार वळले. "तुम्ही हिच्या मावशी? बरं झालं आलात. हिच्या बाजूचं कोणीच नाही. भाऊ फिरकला नाही. तुम्हाला काही ठाऊक असेल तर तुमचाही जबाब घेऊ. घरी त्रास होता का? नवऱ्याबद्दल काही बोलली होती?"

सगळं ठाऊक होतं बाईंना. वळ पाहिले होते, उपास ऐकले होते. देवरावला त्यांनी समोर बसवून पाणी दिलं होतं. पिशवीत निवडीचा कागद होता. पोरगी जाळीतून त्यांच्याकडे बघत होती, आणि नुसतं हो म्हटलं असतं तरी ती पुढचं बोलली असती.

"तिले मावशी नाही, साहेब," दारातून देवराव म्हणाला. "विचारा त्याईले. कोण लागतात ते विचारा."

बाईंच्या डोळ्यांपुढं वर्तमानपत्र आलं. त्यात आपलं नाव, घराचं नाव, कार्ड कोणी लिहिलं ते. लिहून कोणाला दिलेल्या शब्दावर पाणी फिरवलं ते. साहेबांनी पुन्हा विचारलं, जरा चिडून, "बोला, तुम्ही कोण?"

"मी कोणी नाही," शामलाबाई म्हणाल्या. "मी खोल्या भाड्यानं देते. दोन रात्री उतरली होती. बाकी मला काही ठाऊक नाही."

"मग बाहेर थांबा," साहेब म्हणाले. "जबाबाच्या वेळी परक्या माणसाला आत राहता येत नाही."

दार लागलं. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, सासूच्या शेजारी, आणि सासूनं त्यांना बसायला बाकावर जागा करून दिली. बऱ्याच वेळानं साहेब बाहेर आले. स्टोला पंप मारताना भडका उडाला, कोणावरही तक्रार नाही, असं तिनं सांगितलं होतं. हाताचा अंगठा उमटण्यासारखा राहिला नव्हता, म्हणून कागदावर पायाचा घेतला होता.